कर्ज नसलं तरी व्याजदर खर्चाला हात घालतो

“रेपो दर उतरला की फायदा फक्त कर्जदाराला. ज्याच्यावर कर्जच नाही, त्याचा खर्च कशाला वाढेल?”

वाढतो, मालमत्तेच्या किमतीमुळे. समजा, राजारामपुरीतल्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं 1,80,000 आहे. गुंतवणूकदाराला 3 टक्के उत्पन्न पुरत असेल, तर किंमत 60 लाख. रेपो दरापाठोपाठ ठेवींचे दर घसरल्यावर तो अडीच टक्क्यांवर राजी झाला, तर तेच भाडं देणारा फ्लॅट 72 लाखांचा होतो. शेअरचंही गणित असंच.

बिनकर्जी मालक 12 लाखांनी श्रीमंत होतो, बचत थोडी सैल सोडतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत असा जादा खर्च वाढीव संपत्तीच्या साधारण 3 ते 5 टक्केच दिसतो. इथं तो 36 ते 60 हजार, तोही वाढ टिकेल असं वाटलं तरच. भाडेकरूला मात्र घरासाठी जास्त साठवावं लागतं. त्याचा आखडलेला हात हिशेबात धरलाच पाहिजे.