एकाच नायट्रोफेनॉलचे दोन स्वभाव

फिनॉलवर सौम्य नायट्रिक आम्लाची अभिक्रिया केली की तपकिरी, चिकट, डांबरासारखं मिश्रण तयार होतं. त्यात मुख्यतः दोन संयुगं असतात, ऑर्थो-नायट्रोफेनॉल आणि पॅरा-नायट्रोफेनॉल. दोघांचं रेणुसूत्र एकच, C₆H₅NO₃, आणि रेणुभारही एकच, 139. फरक इतकाच की बेंझिनच्या वलयावर नायट्रो गट (–NO₂) हा हायड्रॉक्सिल गटाच्या (–OH) शेजारी बसला आहे की थेट समोर. तरीही ऑर्थो सुमारे 215 अंश सेल्सिअसला उकळतो आणि पॅरा 279 अंशांच्या आसपास, तोही उकळताना विघटित होत होत. ऑर्थो 45 अंशांलाच वितळतो, तर पॅराला 113–114 अंश लागतात.

हा फरक येतो कुठून, हे हायड्रॉक्सिल गटातल्या हायड्रोजनकडे पाहिलं की कळतं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे या हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो आणि तो जवळच्या एखाद्या ऋण प्रभार असलेल्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध. ऑर्थोमध्ये असा ऑक्सिजन अगदी हाताशी आहे, शेजारच्या नायट्रो गटाचा. हायड्रोजन, ऑक्सिजन, दोन कार्बन, नायट्रोजन आणि पुन्हा ऑक्सिजन अशा सहा अणूंचं वलय तिथे सहज जुळतं. बंध रेणूच्या आतच पूर्ण होतो आणि शेजारच्या रेणूंना धरून ठेवायला हायड्रोजन फारसा मोकळा राहत नाही.

पॅरामध्ये नायट्रो गट वलयाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याच रेणूतल्या त्या ऑक्सिजनपर्यंत हायड्रोजन पोहोचूच शकत नाही. मग तो शेजारच्या रेणूचा नायट्रो गट धरतो, त्या रेणूचा हायड्रोजन पुढच्याचा, आणि एकमेकांत गुंतलेल्या रेणूंची साखळी तयार होते. पॅरा उकळायचा तर हे आंतररेण्वीय बंध तोडण्याइतकी ऊर्जा पुरवावी लागते. ऑर्थोचा अंतर्गत बंध मात्र रेणूबरोबरच वाफेत जातो. तो तोडण्याची गरजच पडत नाही.

विद्राव्यतेचंही असंच आहे. एक लिटर साध्या पाण्यात ऑर्थो जेमतेम दोन ग्रॅम विरघळतो, पॅरा मात्र दहा ग्रॅमहून अधिक. पॅराचा मोकळा हायड्रोजन पाण्याच्या रेणूंशी बंध जोडतो. ऑर्थोचा आधीच गुंतलेला असतो. उलट बेंझिन किंवा पेट्रोलियम ईथरसारख्या अध्रुवीय द्रावकांत ऑर्थो जास्त रमतो. इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी: सगळं श्रेय हायड्रोजन बंधाला देणं बरोबर नाही. पॅरा रेणूचा द्विध्रुव आघूर्णही, म्हणजे रेणूतले धन आणि ऋण प्रभार किती विभागले गेले आहेत याचं मापही, मोठा आहे, साधारण 5 डिबाय. ऑर्थोचा 3 च्या आसपास. रेणूंमधली ओढ त्यामुळेही वाढते. पाठ्यपुस्तकी उत्तरांत हा भाग बहुधा राहून जातो.

प्रयोगशाळेत या फरकाचा सरळ उपयोग होतो. ते चिकट मिश्रण आधी पाण्याने नीट धुतात, कारण उरलेलं नायट्रिक आम्ल तापवल्यावर पुढचं नायट्रेशन करत राहतं. मग त्यातून पाण्याची वाफ सोडतात. पाणी आणि ऑर्थो यांचे बाष्पदाब एकत्र मिळून वातावरणाच्या दाबाइतके झाले की मिश्रण उकळतं, आणि ते 100 अंशांच्या किंचित खालीच घडतं. म्हणजे 215 अंशांना उकळणारा पदार्थ उकळत्या पाण्याबरोबर बाहेर येतो. पॅराचा बाष्पदाब या तापमानाला इतका कमी असतो की तो फ्लास्कमध्येच राहतो.

कंडेन्सरमध्ये ऑर्थोचे पिवळे, तेलकट थेंब दिसू लागतात. पण थंड पाणी जोरात चालू असेल तर ऑर्थो तिथेच गोठतो, पिवळ्या स्फटिकांनी नळी तुंबते आणि आत दाब वाढतो. अशा वेळी पाणी थोडा वेळ बंद करायचं. वाफेच्या उष्णतेने स्फटिक वितळतात आणि खाली वाहून जातात. गोळा होणारा द्रव बिनरंगी दिसू लागला की ऑर्थो संपत आल्याचं समजावं. फ्लास्कमधला गाळ सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कोळशाच्या भुकटीबरोबर उकळून गरम असतानाच गाळला, की गाळून आलेला द्रव थंड होताना पॅराचे फिकट स्फटिक मिळतात.

धुताना आम्ल लवकर जावं म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड घालण्याचा मोह होतो, पण तिथेच प्रयोग फसतो. दोन्ही नायट्रोफेनॉल जवळजवळ सारखेच आम्लधर्मी आहेत (pKa अनुक्रमे सुमारे 7.2 आणि 7.15). अल्कलीत दोघांचाही हायड्रोजन निघून जातो आणि उरतात ते आयन. हायड्रोजनच नाही म्हटल्यावर अंतर्गत बंधही नाही, आणि आयन वाफेबरोबर जात नाहीत. ऑर्थोही मग फ्लास्कमध्येच अडकतो, द्रावण गडद पिवळं-नारिंगी होतं आणि कंडेन्सरमधून नुसतं पाणी येत राहतं. आम्ल घालून द्रावण पुन्हा आम्लधर्मी केलं, की पिवळे थेंब परत येऊ लागतात.