दर तासाला दहा टक्के: उरलेल्या पाण्याच्या हिशेबाचा इतिहास

हजार लिटरची टाकी आहे. ती गळते, आणि दर तासाला त्या वेळी आत असलेल्या पाण्याच्या दहा टक्के पाणी निघून जाते. दहा तासांनी किती उरेल? घाईत बहुतेकांच्या तोंडी ‘काहीच नाही’ असे उत्तर येते, कारण दहा दाहे शंभर. पण दहा टक्के पहिल्या हजारावर मोजायचे नाहीत, उरलेल्यावर मोजायचे आहेत. पहिल्या तासानंतर ९००, मग ८१०, मग ७२९, मग ६५६.१. प्रत्येक तासाला ०.९ ने गुणत गेले की दहाव्या तासाअखेर साधारण ३४९ लिटर उरतात, म्हणजे एक तृतीयांशाहूनही थोडे जास्त.

एवढा भाग सोपा आहे. प्रश्न उलटा विचारला की खरी अडचण सुरू होते: टाकी निम्मी कधी होईल? सहाव्या तासाअखेर ५३१ लिटर आहेत आणि सातव्या तासाअखेर ४७८, म्हणजे उत्तर सहा आणि सात यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमके कुठे, हे नुसत्या गुणाकाराने सांगता येत नाही. हे उत्तर देणारे साधन, म्हणजे लॉगॅरिदम, गणिताला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाले. ते ज्या पद्धतीने तयार झाले ती पद्धत म्हणजे अशीच एक अतिशय हळू गळणारी टाकी होती, आणि या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

‘उरलेल्याचा भाग’ काढण्याचे गणित त्याहून पुष्कळ जुने आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) एक यात्रेकरू भेटतो. तो जवळच्या धनातले निम्मे प्रयागला देतो, उरलेल्यातले दोन नवमांश काशीला, मग जे राहिले त्याचा पाव हिस्सा वाटेतल्या जकातीपायी आणि शेवटी उरलेल्याचे सहा दशांश गयेला. घरी परतताना त्याच्याकडे ६३ निष्क असतात. मुळात किती होते? या प्रकाराला शेषजाती म्हणतात. रीत अशी, की सुरुवातीला एक धरायचा आणि काय उरते ते पाहायचे. निम्मे, त्याचे सात नवमांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचे दोन पंचमांश, म्हणजे ७/६० उरतात. ६३ ला ६० ने गुणून ७ ने भागले की ५४० निष्क.

चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशात शतकांपूर्वी शिकवले जात होते. मात्र त्यातली एक मर्यादा नीट पाहायला हवी. यात्रेकरूचे टप्पे चार आहेत आणि ते आधीच माहीत आहेत. मुळात किती होते ते काढता येते, पण ‘किती टप्पे लागतील?’ हा प्रश्न इथे येतच नाही. तो येण्यासाठी प्रत्येक टप्प्याचा तोटा समान प्रमाणात हवा, आणि टप्पे मोजण्याची गरजही भासायला हवी.

ती गरज खगोलशास्त्रातून आली. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपिअर (१५५० ते १६१७) सुमारे वीस वर्षे एका कोष्टकावर काम करत होता. ग्रहांच्या गणितात कोनांच्या सात-सात अंकी ‘ज्यां’चे, म्हणजे आजच्या साइनचे, गुणाकार करावे लागत, आणि त्यात लोकांचे दिवसच्या दिवस जात. त्या काळी ‘ज्या’ची किंमत अपूर्णांकात लिहीत नसत. वर्तुळाची त्रिज्या मोठा पूर्णांक धरत, आणि नेपिअरने ती एक कोटी धरली. मग त्याने एक बिंदू कल्पिला. हा बिंदू एका टोकाकडे सरकतो आणि त्याचा वेग नेहमी उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. अंतर घटले की वेगही तेवढाच घटतो. पाण्याच्या जागी अंतर ठेवले, एवढाच फरक.

हा बिंदू त्याने कागदावर कसा चालवला ते जवळून पाहण्यासारखे आहे. एक कोटीतून त्याचा एक कोटीवा भाग वजा करायचा, उरलेल्यातून पुन्हा उरलेल्याचा एक कोटीवा भाग, आणि हे शंभर वेळा. १,००,००,००० नंतर ९९,९९,९९९, मग ९९,९९,९९८.०००००,०१, मग ९९,९९,९९७.०००००,०३. प्रमाण असे निवडल्यामुळे गुणाकार करावाच लागत नाही. तीच संख्या सात घरे उजवीकडे सरकवून वजा करायची. शंभराव्या पायरीला ९९,९९,९००.०००४९,५० उरले.

अशा चालीने निम्म्यापर्यंत पोचायचे तर जन्म पुरला नसता. म्हणून त्याने पायऱ्या मोठ्या केल्या. शंभर छोट्या पायऱ्या म्हणजे जवळपास एक लक्षांश घट, तेव्हा दुसऱ्या कोष्टकात दर वेळी एक लक्षांश कमी करत पन्नास पायऱ्या घेतल्या. तिसऱ्यात ६९ रकाने होते. रकान्यात खाली उतरताना दर वेळी दोन हजारावा भाग कमी व्हायचा आणि एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात जाताना एक टक्का. शेवटचा रकाना संपतो तिथे संख्या पन्नास लाखांच्या किंचित खाली आलेली असते. रकाने ६९ च का, याचे कारण इथेच आहे: दर वेळी एक टक्का गमावत गेले तर निम्म्यावर यायला जवळपास ६९ पायऱ्या लागतात.

प्रत्येक उरलेल्या संख्येसमोर तिथवर किती तोटा-पायऱ्या झाल्या तो आकडा लिहिला, तोच तिचा लॉगॅरिदम. (नेमके सांगायचे तर पहिल्या पायरीला त्याने १ न धरता १.०००००,००५ धरले, कारण त्याचा बिंदू सलग सरकतो, टप्प्याटप्प्याने नाही.) १६१४ मध्ये कोष्टक छापून आले. ते कसे बनवले याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६१९ मध्ये निघाले.

या कामात एक चूक झाली, आणि समान टक्क्यांच्या साखळीत चूक कशी वागते ते तिच्यावरून कळते. दुसऱ्या कोष्टकाच्या पन्नासाव्या पायरीला ९९,९५,००१.२२४८ यायला हवे होते. नेपिअरने ९९,९५,००१.२२२९ लिहिले. फरक एक हजारांशाच्या दुपटीहूनही कमी. पण पुढच्या सगळ्या मोठ्या पायऱ्यांचा हिशेब याच टप्प्यावर उभा असल्याने तो प्रत्येक पायरीगणिक साचत गेला. निम्म्यावर येईपर्यंत, म्हणजे पन्नास लाखांसमोर, ६९,३१,४७२ यायला हवे तिथे त्याच्या कोष्टकात ६९,३१,४६९ आहे. आजही वहीत ५९०.४९ चे ५९० करून पुढे गुणत गेलो तर हेच होते. म्हणून पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी.

१६१५ मध्ये लंडनचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज नेपिअरला भेटायला एडिंबरोला गेला. दोघांच्या चर्चेतून दहा या पायावरचे लॉग ठरले, आणि अकरावी-बारावीत वापरलेली लॉगटेबले त्यातूनच आलेली आहेत. आता टाकीचे उत्तर दोन ओळींत मिळते. ०.९ चा लॉग –०.०४५७६ आणि ०.५ चा –०.३०१०३. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ६.५८. टाकी निम्मी व्हायला सहा तास पस्तीस मिनिटे लागतात. ०.१ चा लॉग –१, म्हणून हजाराचे शंभर लिटर व्हायला १ भागिले ०.०४५७६, म्हणजे जवळपास २१ तास ५१ मिनिटे.

मात्र ‘पूर्ण रिकामी कधी होईल?’ याला या गणितात उत्तरच नाही, कारण काहीतरी नेहमी उरते. ही अडचण १९०० मध्ये कॅनडातल्या माँट्रिऑलला भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्डसमोर आली. थोरियममधून निघणाऱ्या वायूची किरणोत्सारी तीव्रता तो विद्युतप्रवाहावरून मोजत होता, आणि ती दर मिनिटाला साधारण निम्मी होत होती. पहिल्या मिनिटाला जेवढा भाग जाई तेवढाच भाग उरलेल्यातून पुढच्या मिनिटाला जाई. अशा पदार्थाचे एकूण आयुष्य सांगता येत नाही, पण निम्मे होण्याचा काळ सांगता येतो, आणि नमुना कितीही मोठा किंवा लहान घेतला तरी तो बदलत नाही. अर्धायुष्य हे माप इथून रुळले.

राहिली खरी टाकी. तळाशी भोक पडलेली टाकी दर तासाला समान टक्के गळत नाही. १६४४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेल्लीने दाखवून दिले, की भोकातून पाणी सुटण्याचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौथाईवर आली तरी वेग निम्माच होतो, म्हणून उरलेल्याच्या मानाने गळती वाढत जाते. सरळ भिंतींच्या अशा टाकीतून पहिल्या तासाला १०० लिटर गेले तर दुसऱ्या तासाला ९० नव्हे, साधारण ९५ जातात. दहा तासांनी ३४९ ऐवजी सुमारे २३७ लिटर उरतात आणि साडेएकोणीस तासांत ती खरोखर रिकामी होते.

समान टक्क्यांची गळती पाझरात दिसते. पाणी वाळूच्या किंवा मातीच्या थरातून झिरपत असेल तर प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात असतो, हा अभियंता दार्सीने १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहरात मांडलेला नियम. उंचीच्या प्रमाणात गळणे म्हणजेच उरलेल्याच्या प्रमाणात गळणे.

आपली टाकी कोणत्या जातीची आहे ते ओळखायला दर तासाला पातळी लिहून ठेवली तरी पुरते. लागोपाठच्या दोन पातळ्यांचा भागाकार दर वेळी तोच येत असेल तर पाझर, आणि वर्गमुळांची वजाबाकी दर वेळी तीच येत असेल तर भोक. पहिल्या दोन तासांत हा फरक पाचेक लिटरचाच असतो आणि मोजपट्टीच्या चुकीत सहज हरवतो, म्हणून टाकी निम्म्याच्या खाली जाईपर्यंत नोंदी घ्याव्या लागतात.