भरपूर खाणारं, भरपूर पाणी पिणारं मांजर

"मांजर दणकून खातंय, सारखं पाणी पितंय, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे."

असं वाटू शकतं, पण भूक-तहान वाढूनही वजन उतरत असेल, तर मधुमेहाची शंका घ्यावी. इन्सुलिनचं काम नीट होत नसलं की साखर रक्तातच अडकते आणि पेशी उपाशी राहतात, म्हणून भूक. लघवीतून जाणारी साखर पाणी ओढून नेते, म्हणून तहान.

हे घरी मोजता येतं. 500 मिली पाणी ठेवा, 24 तासांनी उरलेलं मोजा. 4 किलोच्या मांजराने 200 मिलीहून जास्त प्यायलं, तर पशुवैद्यांकडे न्याच. तहान मूत्रपिंडाच्या आजारातही वाढते. शिवाय घाबरलेल्या मांजराची रक्तशर्करा तात्पुरती चढते, त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबू नये; फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी गेल्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी कल्पना देते.

इन्सुलिन बहुधा दर 12 तासांनी, खाण्याच्या वेळेला धरून देतात. मांजराने तोंड फिरवलं तर नेहमीचा डोस टोचू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. कमी कर्बोदकांचा ओला आहार उत्तम, पण तो परस्पर सुरू केला तर जुनाच डोस जास्त होऊन साखर धोकादायक उतरते. मांजर झोकांड्या खाऊ लागलं तर हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.