अपस्केलिंग प्रीसेट आणि रे ट्रेसिंगची पातळी

गेमचे चित्र आतून कमी पिक्सेलमध्ये काढून ते पडद्याच्या पूर्ण रिझोल्यूशनपर्यंत वाढवण्याच्या पद्धतीला अपस्केलिंग म्हणतात. डीएलएसएस व एफएसआर ही तिची प्रचलित रूपे. आतले रिझोल्यूशन किती असावे, हे प्रीसेट ठरवतो.

प्रीसेटच्या नावापेक्षा त्यामागचा आकडा पाहावा. क्वालिटी प्रीसेटमध्ये चित्राची प्रत्येक बाजू साधारण ६७ टक्के असते, परफॉर्मन्समध्ये ५० टक्के. त्यामुळे ४के पडद्यावर परफॉर्मन्स निवडले तरी आत १९२०×१०८० चे चित्र तयार होते आणि ते बहुधा चांगलेच दिसते. १०८०पी पडद्यावर मात्र क्वालिटीतही आत फक्त १२८०×७२० उरतात. एकच प्रीसेट एका पडद्यावर नितळ आणि दुसऱ्यावर धूसर वाटतो, तो यामुळे.

रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून प्रतिबिंबे आणि प्रकाश दाखवण्याची पद्धत. तिचा प्रश्न याच आकड्याशी जोडलेला आहे. किरण सहसा आतल्या पिक्सेलच्या हिशेबाने सोडले जातात. प्रीसेट खाली आणला की किरणही घटतात. मग थोड्या किरणांतून उरलेला दाणेदारपणा पुसताना प्रतिबिंबे वितळल्यासारखी दिसतात, अंधाऱ्या कोपऱ्यांतला प्रकाश खदखदतो. म्हणजे वरची रे ट्रेसिंग पातळी परवडावी म्हणून प्रीसेट फार खाली नेला, तर ज्यासाठी खर्च केला तेच बिघडते.

उदाहरणार्थ, १४४०पी पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम हव्यात. एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा, क्वालिटीवर रे ट्रेसिंग बंद असताना फ्रेमला ११ लागतात. प्रतिबिंबे व अप्रत्यक्ष प्रकाश दोन्ही लावल्यावर १९. परफॉर्मन्सवर गेल्यास वेळ बसेल, पण आत १२८०×७२० उरतील आणि तारा, केस, जाळ्या हलताना लुकलुकतील. त्याऐवजी क्वालिटी तशीच ठेवून प्रतिबिंबे बंद करावीत, अप्रत्यक्ष प्रकाश राखावा, आणि पुन्हा मोजावे. अप्रत्यक्ष प्रकाशाचा परिणाम जवळजवळ प्रत्येक दृश्यात दिसतो. प्रतिबिंबांचा मुख्यतः ओल्या रस्त्यांवर आणि काचांवर. ज्या गेममध्ये पाणी आणि काच भरपूर आहे, तिथे निवड उलटी करणे योग्य.

मोजताना चित्र थांबवून पाहू नये. स्थिर चौकटीत अपस्केलिंग नेहमीच अधिक चांगले दिसते. दोष कॅमेरा फिरवताना उघडे पडतात. हलत्या वस्तूमागे सावलीसारखी शेपूट राहिली, तर प्रीसेट एक पायरी वर न्यावा.

प्रीसेट खाली आणूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा असतो. रे ट्रेसिंगसाठी दृश्यातील वस्तूंची रचना सतत अद्ययावत ठेवावी लागते आणि त्याचा भार प्रोसेसरवरही पडतो. तो आतले पिक्सेल घटवून कमी होत नाही. रे ट्रेसिंगची पातळी किंवा गर्दीची सेटिंग उतरवावी लागते. सरासरी ठीक असूनही मध्येच झटके येत असतील, तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी तपासावी. ही रचना तीही व्यापते, आणि मेमरी भरली असेल तर टेक्श्चरची पातळी कमी करणे हाच पहिला उपाय.