शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेली चिठ्ठी

१९५०च्या दशकात अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत उठणाऱ्या कळांच्या, रुग्णांवर एक सोपी शस्त्रक्रिया होऊ लागली होती. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना आतून एकेक धमनी खाली जाते. तेवढाच भाग बधिर करून, छोटासा छेद घेऊन त्या दोन्ही धमन्या बांधून टाकायच्या. अडलेलं रक्त आजूबाजूच्या फांद्यांमधून हृदयाकडे वळेल, अशी कल्पना होती. रुग्णांना खरोखर बरं वाटायचं. कळा कमी व्हायच्या, चालणं वाढायचं, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या कमी लागायच्या.

सिॲटलमधले हृदयरोगतज्ज्ञ लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पारख करायचं ठरवलं. १७ रुग्ण निवडले. प्रत्येकाच्या छातीवर छेद घेतला, धमन्या मोकळ्या करून समोर आणल्या आणि मग, त्या क्षणी, सर्जनच्या हाती एक चिठ्ठी दिली. बांधायचं की न बांधता छेद शिवून टाकायचा, हे त्या चिठ्ठीवरून ठरायचं. आठ जणांच्या धमन्या बांधल्या गेल्या, नऊ जणांची शस्त्रक्रिया लुटुपुटीची झाली. आपल्या वाट्याला काय आलं हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं.

१९५९ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या सहा महिन्यांत आपल्याला ४० टक्क्यांहून जास्त बरं वाटतंय असं बांधलेल्या आठांपैकी पाच जणांनी सांगितलं. न बांधलेल्या नऊपैकीही पाच जणांनी तेच सांगितलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाच्या अशाच चाचणीतही बांधण्याचा वेगळा फायदा दिसला नाही. थोड्याच काळात ही शस्त्रक्रिया मागे पडली.

लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेने, म्हणजे प्लासिबोने, इथे नेमकं काय केलं? ‘मनाची समजूत काढली’ एवढंच उत्तर अपुरं आहे असं मला वाटतं. माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं फार वाढलं की. अंजायना कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे वाढलेल्या दिवसांनंतर काहीही न करता थोडे बरे दिवस येतातच. त्यात विश्रांती, डॉक्टरांनी दिलेलं लक्ष आणि आशा मिसळते. हे सगळं दोन्ही गटांत सारखंच असतं. म्हणून दोन्ही गटांत जो फरक उरेल तेवढाच धमनी बांधण्याचा गुण. इथे फरकच उरला नाही.

चिठ्ठी इतक्या उशिरा का? ती आधी कळली असती, तर खंगलेला रुग्ण पाहून सर्जनने ‘याला नको, पुढच्याला घेऊ’ असा विचार केला असता, तोही दयेपोटी. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशर इथे असंच झालं. शाळेत दूध दिल्याने मुलं वाढतात का, हे पाहायला सुमारे २०,००० मुलांची वजनं-उंच्या घेतल्या. त्यातल्या निम्म्यांना दूध होतं. मुलांची निवड चिठ्ठीने किंवा नावाच्या अक्षरक्रमाने होती, पण गट असमान वाटले तर मुलं बदलायची मुभा शिक्षकांना होती. सुरुवातीची मापं पाहिली तर दूध न मिळालेली मुलंच अधिक उंच आणि वजनदार निघाली. हडकुळ्या मुलाला दूध मिळावं असं वाटून त्याला दुधाच्या गटात सरकवलं गेलं असणार. गट मुळातच वेगळे असतील, तर शेवटच्या मापांतला कोणता फरक दुधाचा, हे सांगणं अवघड होतं. चिठ्ठीला कुणाची दया येत नाही. शिवाय ज्या गोष्टी आपल्याला मोजायला सुचतही नाहीत, त्याही ती दोन्हीकडे साधारण सारख्या वाटून टाकते. अर्थात त्यासाठी माणसं पुरेशी हवीत. १७ जणांत नशिबाने एका बाजूला जास्त आजारी रुग्ण येऊ शकतात, म्हणून कॉबच्या चाचणीला दुसरीची जोड मिळाली हे महत्त्वाचं.

तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी का, याचा चोख पुरावा कॅनडातल्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या एका चाचणीतून १९९४ साली पुढे आला. त्याच रुग्णांना दोन प्रकारच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं होतं. कुणाला कोणता उपचार मिळाला हे एकाला ठाऊक होतं, दुसऱ्याला नव्हतं. ठाऊक असलेल्यांना एका उपचाराचा गुण दिसला, ठाऊक नसलेल्यांना दिसला नाही. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. पायातली ताकद किंवा चालण्याचा तोल यांना श्रेणी देताना दोनातली कोणती द्यावी असा प्रश्न सारखा पडतो, आणि तिथे हात आशेच्या बाजूला झुकतो. मृत्यू झाला की नाही अशा नोंदीत तो धोका बराच कमी असतो. वेदना, थकवा, हालचाल मोजताना सर्वात जास्त.

सिॲटलच्या त्या रुग्णांना उपचाराची पारख चालू आहे एवढं सांगितलं होतं, पण काहींच्या धमन्या बांधल्याच जाणार नाहीत हे सांगितलं नव्हतं. आज लुटुपुटीची शस्त्रक्रिया करायची तर ही शक्यता रुग्णाला आधीच स्पष्ट सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. मग चिठ्ठी निघते, आणि ती त्याला दाखवली जात नाही.