सळईचा सूर आणि पुडीचे ढीग

इंदुरात पावसाळा लागला की प्रयोगशाळेतली लायकोपोडियमची, म्हणजे एका वनस्पतीच्या बीजाणूंची, हलकी पूड काचेला चिकटून बसते. म्हणून जुलैत सळईतला आवाजाचा वेग मोजायचा प्रयोग लावायच्या आधी मी काचेची नळी स्टोव्हवर लांबूनच शेकून घेतो आणि आतून कोरडं फडकं फिरवतो. ओल्या नळीत सळई कितीही गायली तरी ढीग बनत नाहीत. पूड एका बाजूला लोंबते, आणि मुलांना वाटतं आपला हात चुकला.

घन पदार्थातून आवाज किती वेगाने जातो, हे मोजायची पहिली धडपड लांबीच्या जोरावर झाली. 1808 साली फ्रेंच शास्त्रज्ञ बिओ यांनी पॅरिसमध्ये 951 मीटर लांबीच्या लोखंडी जलवाहिनीच्या एका टोकाला घण मारवला. दुसऱ्या टोकाला आवाज दोनदा ऐकू आला, आधी लोखंडातून, मग आतल्या हवेतून. मधलं अंतर अडीच सेकंदांचं. त्यावरून लोखंडातला वेग हवेच्या साधारण साडेदहा पट निघाला. आज आपण तो चौदा-पंधरा पट धरतो. वाहिनी अखंड नव्हती, तुकडे शिशाने जोडलेले होते. शिवाय लोखंडातून आवाज पाव सेकंदाच्या आसपास वेळात पोचत होता, आणि एवढा वेळ हातातल्या घड्याळाने नेमका कसा धरणार?

जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी त्याआधीच दुसरी वाट काढली होती. सळई लांबीच्या दिशेने घासायची, तिचा सूर ऑर्गन वाद्याच्या नळीच्या सुराशी ताडून पाहायचा आणि त्यावरून वेगांचं गुणोत्तर काढायचं. घड्याळ गेलं, पण आता सगळा भार कानावर आला.

1866 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट यांनी कानही बाजूला केला. सळईच्या टोकाला बुचाची चकती, ती काचेच्या नळीत, नळीत हलकी पूड आणि दुसऱ्या टोकाला सरकवता येणारा दट्ट्या. सळई बरोबर मध्यावर आवळायची, मोकळ्या भागावर राळ लावलेलं मऊ कातडं घट्ट धरून बाहेरच्या दिशेला ओढायचं. सळई किंचाळते. दट्ट्या हळूहळू सरकवत गेलं की एका जागी पूड एकदम उसळते आणि समान अंतरावर ढीग होऊन बसते. हवा जिथे जवळजवळ स्थिर असते, त्या निस्पंदांपाशी हे ढीग असतात. इंदूरला 1891 मध्ये होळकर कॉलेज सुरू झालं, तेव्हा हा प्रयोग पंचवीस वर्षांचा झाला होता. आजही आम्ही तो जवळजवळ तसाच करतो.

मध्यावर आवळलेल्या सळईत तिची लांबी म्हणजे अर्धी तरंगलांबी. दोन ढिगांमधलं अंतर म्हणजे हवेतली अर्धी तरंगलांबी. कंप्रता दोन्हीकडे एकच, त्यामुळे ती भागाकारात निघून जाते आणि सळईची लांबी भागिले ढिगांमधलं अंतर, एवढंच उरतं. वेगाचं गुणोत्तर साध्या मोजपट्टीने निघतं, हे मला अजूनही सुंदर वाटतं.

आमची पितळी सळई 100 सेंटिमीटरची. पहिल्या ढिगाच्या मध्यापासून सातव्याच्या मध्यापर्यंत 60 सेंटिमीटर भरले. ढीग सात, पण मधली अंतरं सहा, म्हणून एक अंतर 10 सेंटिमीटर आणि गुणोत्तर 10. खोलीत 25 अंश होते. त्या तापमानाला हवेतला वेग सेकंदाला 346 मीटर, म्हणजे पितळेतला सुमारे 3460. पितळेला हा आकडा शोभतो. एका मुलाने 60 ला सातने भागलं, त्याचा वेग 4040 च्या आसपास गेला. त्याची मोजपट्टी बरोबर होती, चूक मोजणीची होती. आकडा पितळेच्या मानाने फार वर गेला, तर मी आधी अंतरं पुन्हा मोजायला लावतो. चकतीजवळचा ढीगही धरू नये. चकती स्वतः हलत असते, तिथे निस्पंद नेमका बसत नाही.

तापमान मात्र रोज लिहायचं. मे महिन्यात सकाळी 28 अंश, दुपारी 40. सळई तीच, पण हवेतला वेग दोन टक्क्यांनी वाढतो आणि ढिगांमधलं अंतरही तेवढंच पसरतं. सकाळचं तापमान धरून दुपारचं अंतर मोजलं, तर पितळेचा वेग उगाच कमी येतो.

कुंट यांना यातून आणखी एक गोष्ट सुचली. सळई तीच ठेवून नळीतला वायू बदलला, तर ढिगांमधल्या अंतरावरून त्या वायूतला वेग कळतो. वेगावरून वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं, म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या, गुणोत्तर काढता येतं. 1876 मध्ये त्यांनी वॉरबुर्ग यांच्यासह नळीत पाऱ्याची वाफ भरली. गुणोत्तर 1.67 आलं. हवेतले रेणू मुख्यतः दोन अणूंचे, तिचं 1.4 असतं. 1.67 म्हणजे पाऱ्याचा रेणू एकाच अणूचा. 1894 मध्ये रॅले आणि रॅम्झी यांना आरगॉन वायू सापडला, तेव्हा त्याचा रेणू किती अणूंचा हे कुठल्याच रासायनिक क्रियेतून कळेना, कारण तो कशाशीच क्रिया करत नव्हता. तिथेही अशीच धुळीची नळी पुढे आली. ढिगांमधलं अंतर मोजलं, आणि गुणोत्तर पुन्हा 1.67 च्या जवळच निघालं.