समान भुजांचा नियम आला कुठून?

बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिज लावताना सर एक गोष्ट हमखास सांगतात: संतुलन बिंदू तारेच्या मध्याजवळ आला पाहिजे, टोकाकडे गेला तर पेटीतला रोध बदला. कारण बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. ते कारण विकलनात आहे, आणि ते आधी तारखात्यातल्या लोकांना शोधावं लागलं होतं.

ज्याला आपण व्हीटस्टन ब्रिज म्हणतो ती मांडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ती लोकांपुढे आणली आणि श्रेय ख्रिस्टींनाच दिलं, पण नाव व्हीटस्टन यांचंच चिकटलं. पुढे समुद्राखालच्या तारा आल्या आणि केबलमधला दोष नेमका किती अंतरावर आहे हे रोध मोजून ठरवायची वेळ आली. आता ब्रिज संतुलित होतो एवढं पुरेसं नव्हतं. मोजायच्या रोधात किंचित फरक पडला तर काटा किती हलेल, हे महत्त्वाचं ठरलं.

हा प्रश्न ऑलिव्हर हेविसाइड यांनी फेब्रुवारी 1873 च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मधल्या लेखात सोडवला. तेव्हा ते 22 वर्षांचे होते, न्यूकॅसलला एका टेलिग्राफ कंपनीत नोकरीला होते. सोळाव्या वर्षानंतर शाळा नाही, गणित सगळं स्वतः वाचून शिकलेले. व्हीटस्टन त्यांच्या मावशीचे यजमान. हातात असलेली बॅटरी, हातात असलेला गॅल्व्हानोमीटर आणि मोजायचा रोध हे तिन्ही दिलेले असताना बाकीच्या तीन भुजा किती ठेवाव्यात, असा त्यांचा सवाल होता. काट्याचं विचलन जास्तीत जास्त कधी होईल हे त्यांनी विकलनाने काढलं. मॅक्सवेल यांनी वीज आणि चुंबकत्वावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत या लेखाची दखल घेतली. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की हेविसाइड यांनी ‘ब्रिज चांगला कोणता’ असा ढोबळ प्रश्न विचारलाच नाही. कोणत्या घटकाच्या बदलाला आउटपुट किती दाद देतं, हा नेमका प्रश्न त्यांनी विचारला.

हेविसाइड यांच्या उत्तरात बॅटरीचा आणि गॅल्व्हानोमीटरचा रोधही येतो. आजचा व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेत नाही, त्यामुळे आपलं गणित सोपं होतं. ब्रिजची एकच बाजू घ्या: वर S, खाली मोजायचा R, दोन्हींवर मिळून E व्होल्ट. मधल्या बिंदूवर

V = E·R/(R+S)

R च्या संदर्भात विकलन केलं की

dV/dR = E·S/(R+S)²

आता R ठरलेला आहे, निवडायचा आहे तो S. S शून्य असेल तर मधला बिंदू थेट बॅटरीला जोडलेला, V हलणारच नाही. S खूप मोठा असेल तर करंटच उरत नाही, तेव्हाही V हलत नाही. मधे कुठेतरी कमाल असणार. S/(R+S)² चं S च्या संदर्भात विकलन करून शून्याशी जुळवलं की S = R मिळतं आणि उतार E/(4R) येतो. ब्रिजच्या सूत्रांत जागोजागी दिसणारा तो ‘भागिले चार’ इथून येतो. मीटर ब्रिजचा संतुलन बिंदू मध्यात ठेवायचा नियमही याच जातीचा आहे: तिथे वाचनातल्या एका मिलिमीटरच्या चुकीने 50 सेंमीवर 0.4 टक्के फरक पडतो, 90 सेंमीवर 1.1 टक्के.

या उताराचं मोठं काम निघालं 1938 मध्ये. ताणल्यावर तारेचा रोध बदलतो हे विल्यम थॉमसन यांनी 1856 मध्येच दाखवलं होतं, पण तार वस्तूवर चिकटवून ताण मोजायची युक्ती कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज यांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचली. रूज तेव्हा भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होते. अशा चिकटवायच्या तारेला स्ट्रेन गेज म्हणतात. आजची 350 ओहमची गेज घ्या, गेज फॅक्टर 2, म्हणजे लांबी जितके टक्के वाढते त्याच्या दुप्पट टक्के रोध वाढतो. लांबीत हजारात एक भाग इतका ताण आला तर रोध 0.2 टक्के, म्हणजे 0.7 ओहम वाढतो. E = 5 व्होल्ट, S = 350 ओहम. उतार ओहमला 3.571 मिलिव्होल्ट, म्हणून V 2.5 मिलिव्होल्टने वाढायला हवा. पूर्ण सूत्रात आकडे घालून पाहिलं तर 2.4975 येतो. इतक्या लहान बदलाला उतार पुरतो.

पण ऊन पडलं की तापमानानेही गेजचा रोध बदलतो, आणि तो बदल ताणाइतकाच मोठा असू शकतो. इथे दुसरा उतार कामाला येतो: dV/dS = −E·R/(R+S)². टक्केवारीत मोजलं तर R आणि S चा परिणाम अगदी सारखा, फक्त चिन्ह उलटं. कारण V हा R आणि S च्या गुणोत्तरावरच अवलंबून आहे, दोन्ही एकाच प्रमाणात वाढले तर तो जागचा हलत नाही. म्हणून S च्या जागी तशीच दुसरी गेज लावतात. ती त्याच धातूवर, त्याच उन्हात, पण ताण येणार नाही अशी बसवतात. तिला डमी गेज म्हणतात.

उताराची मर्यादा प्लॅटिनम थर्मामीटरवर स्वच्छ दिसते. Pt100 चा रोध 0 अंशाला 100 ओहम, 100 अंशाला 138.51. S = 100 ओहम आणि E = 1 व्होल्ट धरला तर उताराच्या हिशेबाने V 96.3 मिलिव्होल्टने वाढायला हवा, प्रत्यक्षात वाढतो 80.7. उतारावर विसंबून वाचलं तर उकळतं पाणी सुमारे 84 अंश दाखवेल. ही चूक ओळखायची खूण अशी: बर्फात वाचन बरोबर येतं आणि तूट तापमानाच्या जवळपास वर्गाने वाढते. 50 अंशाला ती 4.3 मिलिव्होल्ट आहे, 100 ला 15.6. S वाढवून 1000 ओहम केला तर हा वाकडेपणा साडेतीन टक्क्यांच्या आत येतो, पण संवेदनक्षमताही एक तृतीयांशावर येते. म्हणजे S = R हा नियम लहान बदलांसाठीच आहे.

दोन रोधांचं विकलन हाताने होतं, दोनशे रोधांचं कोण करणार? स्टीफन डायरेक्टर आणि रोनाल्ड रोहरर यांनी 1969 मध्ये त्यावर वाट दाखवली. सर्किट एकदा नेहमीसारखं सोडवायचं. मग बॅटरीच्या जागी शॉर्ट करून आउटपुटला 1 अँपिअर करंट द्यायचा आणि पुन्हा सोडवायचं. नुसत्या रोधांच्या सर्किटमध्ये कुठल्याही रोधाचा उतार म्हणजे त्यातल्या या दोन करंटांचा गुणाकार. आपल्या R मधून पहिल्यांदा E/(R+S) वाहतो, दुसऱ्यांदा S/(R+S). गुणाकार वरच्या सूत्राशी तंतोतंत जुळतो. S मध्ये दुसऱ्या वेळी करंट उलट्या दिशेने, वरच्या बाजूला वाहतो, म्हणून तिथे उणे चिन्ह येतं. रोध कितीही असोत, सर्किट दोनदाच सोडवायचं.

सर्किट सोडवून देणाऱ्या 1975 च्या SPICE2 या प्रोग्रॅममध्ये यासाठी .SENS ही आज्ञा होती, आणि आजच्या ngspice मध्येही ती चालते:

```
strain gauge
V1 1 0 5
RS 1 2 350
RX 2 0 350
.sens v(2)
.control
run
print all
.endc
.end
```

RX समोर ओहमला 3.571 मिलिव्होल्ट छापून येतात आणि RS समोर तोच आकडा उणे चिन्हासह. डमी गेज कुठे लावायची ते त्या उणे चिन्हावरूनच कळतं.